कोपऱ्यातून विणत जाणारे दुपटे

क्रोशाचे ब्लँकेट सहसा एका काठाकडून सुरू होते. रुंदीएवढी लांबच लांब साखळी आधी घालायची आणि मग ओळीवर ओळ चढवायची. ‘कॉर्नर टू कॉर्नर’ पद्धतीत ती साखळीच नसते. विणकाम एका कोपऱ्यातल्या बोटभर चौकोनापासून सुरू होते, तिरक्या ओळींनी रुंदावत जाते आणि समोरच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकोनावर संपते. त्यामुळे दोनशे साखळ्या मोजताना मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची कटकट वाचते. त्याबदल्यात काठाकडे मात्र सतत लक्ष ठेवावे लागते, कारण वाढवणे आणि घटवणे हे दोन्ही काठावरच घडते.

या विणीचा घटक म्हणजे एक छोटा चौकोन. सहा साखळ्या घालायच्या, सुईकडून चौथ्या साखळीत एक खांब आणि पुढच्या दोन साखळ्यांत एकेक खांब घालायचा. सोडलेल्या तीन साखळ्यांची कमान आणि तीन खांब मिळून एक चौकोन होतो. इंग्रजी नमुने वापरताना एक गोंधळ नेहमी होतो: मराठीत ज्याला खांब म्हणतात तो अमेरिकी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ असतो, तर ब्रिटिश नमुन्यात ‘ट्रेबल’. नमुना कुठला आहे हे आधी पाहिले नाही, तर चौकोन बसके तरी होतात किंवा लांबुळके.

दुसऱ्या ओळीसाठी काम उलटवून पुन्हा सहा साखळ्या घालायच्या आणि त्यांवर तसाच चौकोन करायचा. मग आधीच्या ओळीतल्या चौकोनाच्या कमानीत स्लिप स्टिचने जोडून घ्यायचे, तीन साखळ्या घालायच्या आणि त्याच कमानीत तीन खांब. झाले दोन चौकोन. तिसऱ्या ओळीत तीन, चौथीत चार. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या सहा साखळ्या हीच वाढ. बाकीचे चौकोन फक्त मागच्या ओळीच्या कमानींत बसत जातात. ओळीचा क्रमांक आणि त्या ओळीतल्या चौकोनांची संख्या सारखी असते, म्हणून वाढीच्या भागात मोजदाद सोपी राहते.

घट करताना सहा साखळ्या घालायच्या नाहीत. काम उलटवून शेवटच्या चौकोनाच्या तीन खांबांच्या माथ्यावरून स्लिप स्टिचने सरकत त्याच्या कमानीपर्यंत जायचे आणि तिथे नेहमीचा चौकोन करायचा. ओळीच्या शेवटी, शेवटच्या कमानीत नुसती स्लिप स्टिच घालून चौकोन न करताच वळायचे. दोन्ही टोकांना असे केले की ओळीत एक चौकोन कमी होतो.

चौरस विणायचा असेल, तर हवी ती रुंदी आली की दोन्हीकडून घट सुरू करतात. दुपटे सहसा आयताकृती असते आणि खरी कसोटी तिथेच लागते. समजा, आधी विणलेल्या छोट्या तुकड्यात दहा चौकोनांची कड 25 सेंटिमीटर भरली. 75 बाय 90 सेंटिमीटरच्या दुपट्यासाठी 30 बाय 36 चौकोन लागतील. तिसाव्या ओळीपर्यंत दोन्ही कडा वाढतात. तिथे रुंदी पूर्ण होते, लांबी अजून सहा चौकोन कमी असते. पुढच्या सहा ओळींत एका कडेला घट आणि दुसऱ्या कडेला वाढ, असे दोन्ही एकाच वेळी चालते. घटीच्या कडेकडून सुरू होणारी ओळ स्लिप स्टिचने सरकून सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण चौकोनाने संपते. वाढीच्या कडेकडून येणारी ओळ सहा साखळ्यांनी सुरू होते आणि घटीच्या कडेला चौकोनाशिवाय संपते. दोन्ही प्रकारे ओळीत तीसच चौकोन राहतात. छत्तिसावी ओळ झाली की दोन्हीकडून घट, आणि पासष्टाव्या ओळीत एकच चौकोन उरतो.

कडांची अदलाबदल ही या टप्प्यावरची नेहमीची चूक. ती डोळ्यांना लगेच दिसत नाही. चार-सहा ओळींनंतर कडेला खाच पडते, तेव्हा कळते. म्हणून तिसाव्या ओळीनंतर घटीच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवावा आणि प्रत्येक ओळ मोजावी. एकतीस किंवा एकोणतीस भरले, तर तीच ओळ उसवावी.

रंगबदलाचे गणित याच रचनेतून निघते. याच दुपट्याला दोन चौकोनांची निळी किनार आणि आत पांढरा भाग द्यायचा आहे असे धरू. पहिल्या चार ओळी पूर्ण निळ्या असतात. पाचव्या ओळीत दोन निळे, एक पांढरा, दोन निळे. सहाव्या ओळीत मधले पांढरे दोन होतात. दोन्ही बाजूंच्या निळ्यासाठी दोन वेगळे गुंडे लागतात. एकच निळा धागा पांढऱ्या चौकोनांमागून ओढत नेला, तर तो पांढऱ्यातून डोकावतो आणि वीण आखडते. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यावर थोडी लोकर गुंडाळली, तर छोट्या भागांसाठी सुटसुटीत गुंडी होते.

नवा रंग चौकोन जोडणाऱ्या स्लिप स्टिचमध्येच घ्यायचा. निळ्या चौकोनाचा शेवटचा खांब निळ्यानेच पूर्ण करायचा, सुई पुढच्या कमानीत घालायची आणि पांढरी लोकर कमानीतून व सुईवरच्या निळ्या फासातून एकदमच ओढायची. पुढच्या तीन साखळ्या मग पांढऱ्याच येतात. स्लिप स्टिच जुन्या रंगात घालून साखळीपासून रंग बदलला, तर पांढऱ्या चौकोनाच्या बुडाशी निळा ठिपका राहतो. ओळीचा पहिलाच चौकोन वेगळ्या रंगाचा असेल, तर मागच्या ओळीतला शेवटचा खांब पूर्ण करतानाचा अखेरचा वेढा नव्या रंगाचा घ्यायचा आणि मग वळून सहा साखळ्या घालायच्या. घटीच्या सुरुवातीला मात्र हे चालत नाही. तिथे खांबांच्या माथ्यावरून सरकताना जुनाच रंग हातात हवा. कमानीतल्या शेवटच्या स्लिप स्टिचमध्ये तो बदलायचा. एरवी जुन्या चौकोनाच्या डोक्यावर नव्या रंगाची रेघ उमटते.

सोडलेला धागा नेहमी उलट बाजूला गेला पाहिजे. काम प्रत्येक ओळीला उलटत असल्यामुळे उलट बाजू एकदा विणणाऱ्याकडे तोंड करून असते, एकदा पाठ करून. पहिली ओळ सुलट धरली, तर विषम ओळींत धागा कामाच्या मागे टाकायचा आणि सम ओळींत आपल्याकडे ओढून घ्यायचा. सुलट बाजूवर आडवे धागे दिसले, तर बहुतेक वेळा एखाद्या सम ओळीत ही गफलत झालेली असते. पुढच्या ओळीत तोच रंग पुन्हा उचलताना चौकोनभर अंतर पडते. तेवढा धागा सैल सोडावा, ताणला तर चौकोन तिरका होतो. विणलेल्या स्वेटरमध्ये रंगांच्या सीमेवर भोक पडू नये म्हणून दोन धाग्यांना पीळ द्यावा लागतो. इथे ती गरज नाही, कारण शेजारचे चौकोन स्लिप स्टिचने आधीच जोडलेले असतात.

धागा तोडताना वीतभर शेपटी ठेवून ती त्याच रंगाच्या चौकोनात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवतात. लहान बाळ धागे ओढते, त्यामुळे एकाच दिशेने ओवलेली शेपटी दुपट्यात फार टिकत नाही. शेवटी चारी बाजूंनी मुक्या खांबांची एक ओळ घातली की घटीच्या कडेवरचे खाचखळगे झाकले जातात. एका चौकोनाच्या कडेला साधारण तीन मुके खांब बसतात आणि कोपऱ्याच्या टाक्यात तीन घालतात. कड लाटांसारखी फुलली तर खांब जास्त झालेले असतात आणि आत वळली तर कमी.