वर्षाचे फोटो आणि त्याखालच्या चार ओळी

डिसेंबर संपत आला की गटागटातून एक काम निघतं. वर्षभराचे फोटो निवडायचे, बोटानं एकामागून एक सरकवता येतील असे लावायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या. इन्स्टाग्रामवर आता एका पोस्टमध्ये २० फोटो बसतात. फोटो लगेच निवडून होतात, अडतं ते ओळींपाशी. नुसतं गोड लिहावं तर गटातल्याच बायांना ते खोटं वाटतं, आणि नुसतं दुःख मांडावं तर वाचणारी घाबरते. म्हणून आम्ही घाटकोपरच्या आमच्या बारा जणींच्या गटाचं २०२४ सालचं लिखाण घेऊन आज सांगतो, की दोन्ही गोष्टी सारख्या मापानं कशा लिहायच्या.

पहिली गोष्ट, सुरुवात फोनपासून करायची नाही, इतिवृत्ताच्या वहीपासून करायची. फोनमध्ये आनंदाचेच फोटो असतात, कारण अडचणीच्या दिवशी फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. वहीत मात्र दोन्ही असतं. आम्ही वही चाळून महिन्याला एक ओळ काढली. जानेवारीत हळदीकुंकू झालं. मे महिन्यात एक सभा तहकूब झाली. जुलैच्या पावसात खोलीत पाणी शिरलं आणि १५ किलो मसाला भिजला. जूनपासून एका ताईंचे कर्जाचे हप्ते थकले. सप्टेंबरात गणपतीला निम्म्या जणी कोकणात गेल्या. ऑक्टोबरात दिवाळीच्या फराळाची ६० किलोची ऑर्डर पुरी केली. यादी झाल्यावरच फोटो शोधले. मसाल्याच्या नुकसानीचा फोटो नव्हता, म्हणून धुऊन पालथे घातलेले रिकामे डबे आता टिपले. अडचणीचा फोटो रडक्या चेहऱ्याचाच हवा असं नाही. वस्तूही पुरते.

दुसरी गोष्ट पहिल्या ओळीची. इन्स्टाग्रामवर मजकूर २,२०० अक्षरांपर्यंत चालतो, पण वाचणारीला आधी ओळ-दीड ओळच दिसते. बाकीचं बघायला दाबावं लागतं आणि पुष्कळ जणी दाबत नाहीत. त्यामुळे सुख वर आणि दुःख तळाशी ठेवलं तर बहुतेकींना सुखच दिसेल. म्हणून पहिल्याच ओळीत दोन्ही हवं. आम्ही लिहिलं : ‘२०२४ मध्ये ६० किलो फराळ विकला गेला आणि १५ किलो मसाला पावसात गेला.’

या ओळीत ‘पण’ नाही, ‘आणि’ आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘मसाला भिजला, पण आम्ही हरलो नाही’ असं म्हटलं की ‘पण’च्या पुढचं तेवढं डोक्यात राहतं आणि भिजलेला मसाला पुसला जातो. ‘फराळ विकला, पण मसाला गेला’ म्हटलं तर सगळं वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. ‘आणि’ दोघांना शेजारी बसवतं. तसंच दोन्हीकडे मोजमाप द्यायचं. आनंदाला किलो आणि दुःखाला नुसतं ‘फार नुकसान झालं’ असं नको. आमचा मसाला किलोला ६०० रुपयांचा, म्हणजे नऊ हजारांचं नुकसान. तो आकडा आम्ही लिहिला. ८ जुलैच्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. त्यामुळे एवढं पाणी कुठून आलं हे गावाकडच्या बहिणीलाही तारखेवरून कळतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. थकलेल्या हप्त्यांचं लिहायचं की नाही? वगळलं तर वर्ष अर्धं सांगितल्यासारखं होतं. लिहिलं तर नाव न घालताही चाळीतल्या सगळ्यांना कळतं की ती कोण, आणि तिच्या सासरचे लोकही फोन बघतात. म्हणून आम्ही लिहिण्याआधी त्या ताईंना एकटीला गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “हप्त्याचं लिहा. यांच्या नोकरीचं नको.” तेवढंच लिहिलं : ‘आमच्या गटाचे तीन हप्ते थकले. दोन आले, एक जानेवारीत यायचा आहे.’ ‘एकीचे’ असं न लिहिता ‘गटाचे’ लिहिलं, कारण कर्ज गटाच्या बचतीतलं होतं. त्या ‘नको’ म्हणाल्या असत्या तर ती ओळ गेली असती, आणि तिथं ‘काही गोष्टी आमच्यातच ठेवतो’ असंही लिहिलं नसतं. त्यानं लोकांचा शोध सुरू होतो. घरातली मारहाण, आजारपण, गेलेलं बाळ या गोष्टी तर त्या बाईनं स्वतःहून सांगितल्याशिवाय येऊच नयेत. पोस्ट मागाहून बदलता किंवा काढता येते, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो उरतोच.

चौथी गोष्ट, आपल्या शेजारचं पण आपलं नसलेलं दुःख. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात घाटकोपर पूर्वेला छेडानगरजवळच्या पेट्रोलपंपावर मोठं होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. आमची त्या आठवड्यातली सभा तहकूब झाली ती त्यामुळेच. ते गाळलं असतं तर घाटकोपरचं वर्ष सांगितलं असं झालं नसतं. मात्र ढिगाऱ्याचा फोटो लावला नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या समोर तो वर्षअखेरीस हळदीकुंकवाच्या फोटोशेजारी येऊ नये. तिथं वहीचं पान लावलं. त्यावरची नावं आणि खाते क्रमांक कागदानं झाकून फोटो काढला.

सगळं मिळून असं झालं :

‘२०२४ मध्ये ६० किलो फराळ विकला गेला आणि १५ किलो मसाला पावसात गेला. जानेवारीत हळदीकुंकवाला आम्ही बाराही जणी होतो. १३ मे रोजी छेडानगरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. त्या आठवड्यात आम्ही सभा घेतली नाही. ८ जुलैला खोलीत पाणी आलं, नऊ हजारांचं नुकसान झालं. गणपतीला निम्म्या जणी गावी गेल्या, उरलेल्यांनी भाजणीची तयारी केली. गटाचे तीन हप्ते थकले. दोन आले, एक जानेवारीत यायचा आहे. मसाल्याचे डबे आता माळ्यावर ठेवतो.’

शेवटची ओळ बघा. ‘संकटानं आम्हाला खूप शिकवलं’ असं आम्ही लिहिलं नाही. काय बदललं तेवढं सांगितलं. मे महिन्याच्या ओळीला तर काहीच जोडलं नाही, कारण दुसऱ्याच्या मरणातून आपला धडा काढायचा नसतो.

टाकण्याआधी हे लिखाण सभेत मोठ्यानं वाचा. वाचताना दुःखाच्या प्रत्येक ओळीमागे एखादी शिकवण चिकटलेली ऐकू आली तर ती शिकवण काढा. एखादी बाई मान खाली घालून गप्प झाली तर तिथंच थांबा, पुढं वाचू नका. सगळ्यांसमोर विचारू नका, सभा संपल्यावर तिच्याशी बोला. तिची ओळ ठेवायची की नाही हे तिला ठरवू द्या आणि मगच फोटो टाका.