चेक परत आला, आता नोटीस

समजा, इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याला बिलापोटी मिळालेला २ लाखांचा चेक वटला नाही. ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असा बँकेचा मेमो ३ जूनला हातात आला. फोनवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ ऐकत बसण्यातच बहुतेकांचा हक्क बुडतो, कारण मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावीच लागते.

नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच हवी. आकडा चुकला तर नोटीसच बाद, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केलं. व्याज, खर्च वेगळे दाखवावेत.

नोटीस २० जूनला पोचली, तर ५ जुलैपर्यंत पैसे भरायची मुदत. नाही भरले, तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८खाली फौजदारी तक्रार, तीही व्यापाऱ्याचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात. बिल, माल पोचल्याची सही, मेमो आणि पोस्टाची पावती सोबत जोडावी.