अडतीस नंबर नेमका कोणाचा? अंगाचा की कपड्याचा?

मागच्या वर्षी आमच्या मनमाडच्या गटाला एका दुकानदाराकडून 24 कुर्त्यांची ऑर्डर मिळाली. "सगळ्या अडतीस नंबर," एवढंच ते म्हणाले. आम्ही छाती 38 इंच धरून कापलं, शिवलं, इस्त्री करून पोचवलं. चार दिवसांत सगळा गठ्ठा परत. त्यांना हवी होती 38 छातीच्या बाईला बसेल अशी कुर्ती, आणि आम्ही दिली होती स्वतःच 38 इंच असलेली कुर्ती. ती घालून त्या बाईला वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता आला नसता!

अंगाचं माप वेगळं आणि तयार कपड्याचं माप वेगळं. मधला फरक म्हणजे लूजिंग, श्वास घ्यायला, हात उचलायला, बसायला ठेवलेलं जास्तीचं कापड. साध्या सुती कुर्तीला आम्ही छातीवर 3 इंच आणि कमरेवर 4 इंच लूजिंग ठेवतो. ब्लाउज अंगाबरोबर असतो, त्याला बरंच कमी लागतं, आणि ताणणाऱ्या होजियरी कापडाला हा हिशेब लागूच नाही.

त्या दिवसानंतर आम्ही हा तक्ता करून मशिनीशेजारच्या भिंतीवर लावला. सगळी मापं इंचात आहेत.

| लेबल | अंगाची छाती | अंगाची कमर | तयार छाती | तयार कमर |
|---|---|---|---|---|
| एस | 34 | 28 | 37 | 32 |
| एम | 36 | 30 | 39 | 34 |
| एल | 38 | 32 | 41 | 36 |
| एक्सएल | 40 | 34 | 43 | 38 |
| डबल एक्सएल | 42 | 36 | 45 | 40 |

हा आमच्या गटाचा तक्ता आहे, सगळ्या बाजाराचा नाही. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघतो. आपल्याकडच्या माणसांच्या बांध्यावरून मापं ठरावीत म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या संस्थेकडे 'इंडियासाइज' नावाची पाहणी दिली. ज्या सहा शहरांत मापं घ्यायची ठरली त्यांत मुंबईही आहे. पण बाजारात जाताना लेबलपेक्षा टेपवर भरवसा ठेवा.

कुर्ती सपाट टेबलावर पसरा, सुरकुत्या काढा. एका मुंढ्याच्या खालून दुसऱ्या मुंढ्याच्या खालपर्यंत टेप लावा आणि आलेला आकडा दुप्पट करा. साडेवीस आले तर तयार छाती 41. त्यातून 3 वजा केले की उरले 38, म्हणजे ही कुर्ती 38 छातीच्या बाईची, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. लेबलवर 97 किंवा 102 असा मोठा आकडा दिसला तर दचकू नका, ते सेंटिमीटर आहेत. टेप उलटी करून त्या आकड्यासमोरचे इंच बघा.

आता खरी अडचण. आमच्या गटातल्या एका ताईंची छाती 38 आणि कमर 34. छातीने त्या एलमध्ये बसतात, कमरेने एक्सएलमध्ये. अशा वेळी मोठं माप घ्यायचं. एलची तयार कमर 36, म्हणजे ताईंना फक्त 2 इंच लूजिंग. उभ्याने चालेल, पण भाकरी करायला बसल्या की शिवण ताणणार. एक्सएल घेतली तर कमर बरोबर आणि छातीला 2 इंच जास्त. ते कमी करणं सोपं आहे. दोन बाजूंच्या शिवणी, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, मिळून चार. 2 इंच भागिले 4, म्हणजे जुन्या शिवणीपासून अर्धा इंच आत नवी शिवण. मुंढ्याखाली ती बाहीच्या शिवणीत हळूहळू मिळवा आणि कमरेकडे उतरताना जुन्या शिवणीला आणून जोडा, नाहीतर काखेत चुणी पडते.

सैल करताना हाच हिशेब उलटा चालतो, पण तिथे हात बांधलेले असतात. आत मार्जिन असेल तेवढंच कापड सुटतं. आमच्या त्या 24 कुर्त्यांना अर्धा इंच मार्जिन होतं. त्यातलं पाव इंच शिवण धरायला ठेवावंच लागतं, उरलं पाव इंच, चार पदरांचे मिळून 1 इंच. आम्हाला हवे होते 3. म्हणून उसवायच्या भानगडीत पडलो नाही. तयार 38 म्हणजे अंगाची 35, तेव्हा एसचं लेबल लावून आठवडे बाजारात विकल्या. पैसे सुटले, मजुरी मात्र गेली.

उंचीचं लेबलशी फारसं नातं नाही. एस असो की एक्सएल, कुर्ती बहुधा एकाच उंचीची येते. मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून सरळ खाली मोजा. बुटक्या बाईने खालून कापताना बाजूचे कट आधी बघावेत. 4 इंच कापले तर कटही तेवढेच छोटे होतात आणि चालताना पाय अडकतो, मग कट वर उसवून घ्यावे लागतात.

आता आमच्या ऑर्डरच्या वहीत नंबरच्या पुढे आणखी एक रकाना आहे: 'अंगाचं' की 'तयार'. तो भरल्याशिवाय कात्री हातात घेत नाही.