जुना स्कॅन रद्दीत टाकू नका. नव्या रिपोर्टचा अर्थ त्यातच दडलेला असतो!

‘करोनाच्या काळात छातीचा सीटी स्कॅन कोणाकोणाचा झाला होता?’ पुण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत बोलायला आलेल्या रेडिओलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला आणि निम्म्याहून अधिक हात वर झाले. ‘त्याच्या फिल्म आज घरात कोणाकडे आहेत?’ या प्रश्नाला बरेच हात खाली गेले. ‘आणि सोबत मिळालेली सीडी?’ तेव्हा जेमतेम चार-पाच हात उरले. ‘आता पुढचा तासभर त्या सीडीविषयीच बोलू,’ असे म्हणत डॉक्टरांनी एका आजींची हकिगत सांगायला सुरुवात केली. त्यांचे नाव अर्थातच सांगितले नाही.

सात मिलिमीटरची गाठ आणि घाबरलेले घर

आजी ७१ वर्षांच्या. महिनाभर खोकला थांबत नव्हता, म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्टच्या शेवटी लिहिले होते, की उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सात मिलिमीटरची भरीव गाठ, म्हणजे नोड्यूल, आहे. त्याखाली आणखी एक वाक्य होते : तुलनेसाठी आधीचा कोणताही स्कॅन उपलब्ध नाही, सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी करावा. घरच्यांनी ‘गाठ’ एवढाच शब्द वाचला. रात्रभर कोणाला झोप लागली नाही.

‘खरे तर त्या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य गाठीचे नव्हते, तुलनेचे होते,’ डॉक्टर म्हणाले. एवढी लहान गाठ एका स्कॅनमध्ये पाहून ती साधी की घातक, हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही. जुन्या क्षयाचा किंवा एखाद्या संसर्गाचा वण असाच दिसू शकतो आणि सुरुवातीचा कर्करोगही. फरक कळतो तो काळाने. भरीव गाठ दोन वर्षे वाढली नाही, तर ती सहसा निरुपद्रवी मानतात. आधीचा स्कॅन हाताशी नसेल, तर ही वाट पुढे पाहावी लागते. तो असेल, तर वाट आधीच पाहून झालेली असते.

आजींच्या मुलाला आठवले, की मे २०२१ मध्ये करोना झाला तेव्हा आईचा स्कॅन काढला होता. कपाट उपसल्यावर पाकीट सापडले. त्यात रिपोर्ट, दोन मोठ्या फिल्म आणि कागदी खिशात एक सीडी होती.

रिपोर्टमध्ये नव्हती, फिल्मवरही नव्हती

जुना रिपोर्ट वाचून घरचे आणखी घाबरले, कारण त्यात गाठीचा उल्लेखच नव्हता. दोन्ही फुप्फुसांतील करोनाचे डाग आणि २५ पैकी नऊ हा स्कोअर, एवढेच त्यात होते. मग ही गाठ नवी आहे का? फिल्म प्रकाशाच्या चौकटीवर लावून पाहिल्या, तर त्यांवरही ती दिसली नाही.

याचे कारण डॉक्टरांनी पावाच्या लादीचे उदाहरण देऊन समजावले. सीटी स्कॅनमध्ये छातीचे सुमारे एक-एक मिलिमीटर जाडीचे शेकडो काप घेतले जातात. फिल्मवर मात्र त्यांतले निवडक चौकोन छापतात, बहुधा दर आठ-दहा मिलिमीटरला एक. सात मिलिमीटरची गाठ दोन चौकोनांच्या मधे सहज हरवते. शिवाय फिल्मवरची काळी-पांढरी छटा एकदा छापली की कायम राहते. संगणकावर तीच प्रतिमा कधी फुप्फुस नीट दिसेल, तर कधी हाड नीट दिसेल अशी बदलता येते, मोठी करता येते आणि मोजताही येते.

सीडीमध्ये सगळे काप होते. गाठ २०२१ मध्येही त्याच जागी, त्याच आकाराची होती. तेव्हाचे माप साडेसहा मिलिमीटर आले आणि आताचे सात. ‘अर्धा मिलिमीटर म्हणजे वाढ नव्हे. तोच स्कॅन दोन डॉक्टरांनी मोजला तरी एवढा फरक पडतो. साधारण दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल, तरच आम्ही वाढ म्हणतो,’ असे डॉक्टरांनी सांगितले. करोनाच्या धामधुमीत, डागांच्या गर्दीत त्या गाठीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, इतकेच. नवा रिपोर्ट दुरुस्त झाला. ‘चार वर्षांत बदल नाही’ असे त्यात लिहिले गेले. पुढचा सीटी टळला आणि खोकल्यावर खोकल्याचे उपचार झाले.

‘म्हणजे जुना स्कॅन असला की काळजी मिटली?’ एका काकांनी विचारले. डॉक्टरांनी मान हलवली. गाठ आधी चार मिलिमीटर आणि आता नऊ अशी दिसली असती, तर सहा महिने थांबायचे कारणच उरले नसते. लगेच पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. जुना स्कॅन दिलासाच देतो असे नाही, तो वेळ वाचवतो. दुसरे म्हणजे दोन वर्षांचा हा नियम भरीव गाठींचा आहे. धुरकट दिसणाऱ्या गाठी फार सावकाश वाढतात. त्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागू शकते. आधी कर्करोग होऊन गेलेल्यांचा हिशेब तर आणखी वेगळा असतो. त्यामुळे माप घरी पाहावे, पण निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

रिपोर्ट कुठून वाचायचा?

डॉक्टरांनी सांगितलेला क्रम सोपा आहे. आधी वरचा भाग पाहावा : नाव, वय, तारीख आणि कोणत्या अवयवाचा स्कॅन. एकाच दिवशी एकाच आडनावाचे दोन रुग्ण असू शकतात. मग थेट शेवटी ‘इम्प्रेशन’ या शीर्षकाखाली जावे. रेडिओलॉजिस्टचे उत्तर तिथे असते. ‘फाइंडिंग्ज’ या मधल्या लांबलचक भागात प्रत्येक अवयवाची नोंद असते. सत्तरीनंतर त्यात काहीच न सापडणारा माणूस विरळा. मूत्रपिंडातील साधी पाण्याची गाठ किंवा मणक्याची झीज वाचून घाबरू नये.

इम्प्रेशनमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात : माप, बाजू आणि पुढची तारीख. माप मिलिमीटरमध्ये आहे की सेंटिमीटरमध्ये, हे नीट पाहावे. ०.७ सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर एकच. बाजू वर डावी आणि खाली उजवी अशी झाली असेल, तर केंद्राकडून दुरुस्त रिपोर्ट मागून घ्यावा. पेनाने खाडाखोड करून घेऊ नये. फिल्म पाहताना एक लक्षात ठेवावे, की सीटीच्या आडव्या कापात रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली असेल, तर तो महिना त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावा.

‘क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे तुम्ही हात झटकता, असेच ना?’ या प्रश्नावर सभेत हशा पिकला. डॉक्टरही हसले. ‘मला फक्त चित्र दिसते. तुमचे वजन घटले का, ताप येतो का, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असते. दोन्ही जोडून पाहा, असा त्याचा अर्थ,’ असे ते म्हणाले.

गादीखाली नको, लॅमिनेशन तर नकोच

आता बहुतेक फिल्म उष्णतेने छापल्या जातात. म्हणून ऊन आणि गरमी हे त्यांचे शत्रू. पत्र्याखालचा माळा, उन्हात उभी गाडी, स्वयंपाकघरातले कपाट या जागा टाळाव्यात. उष्णतेने फिल्म काळवंडते, पावसाळी दमटपणाने एकमेकींना चिकटते. गादीखाली ठेवली की तिला घड्या पडतात. कोरड्या कपाटात मूळ पाकिटात, उभी किंवा सपाट ठेवावी. टाचणी लावू नये.

सोनोग्राफीचे छोटे प्रिंट आणि ईसीजीची पट्टी अनेकदा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते आणि काही वर्षांत पुसट होते. त्यांची झेरॉक्स लगेच काढावी. ‘जपून ठेवायचे म्हणून एका आजोबांनी ईसीजी लॅमिनेट करून आणला. दुकानातून परत आला तो काळा कागद!’ डॉक्टरांनी सांगितले.

सीडीवर ओरखडे पडतात आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते. म्हणून ती मिळाल्याच्या आठवड्यातच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. एक नवा फोल्डर करून त्याला तारीख आणि तपासणीचे नाव द्यावे, उदाहरणार्थ `2021-05-18 CT Chest`. मग सीडीवरचे सगळे जसेच्या तसे त्यात कॉपी करावे. `DICOMDIR` नावाची फाइल आणि निरर्थक आकड्यांच्या नावाच्या शेकडो फायली दिसतील. कचरा समजून अनेक जण त्या वगळतात आणि फक्त फोटोसारख्या फायली ठेवतात. प्रत्यक्षात तो ‘कचरा’ म्हणजेच स्कॅन. फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर काढलेला फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यावर माप घेता येत नाही. केंद्राने सीडीऐवजी लिंक पाठवली असेल, तर ती बंद होण्याआधी फायली उतरवून घ्याव्यात.

‘केंद्राकडे असेलच की!’ या भरवशावर राहू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तीन वर्षांनंतर त्या मिळतीलच, याची खात्री नाही. आजींचा २०२१ चा स्कॅन चार वर्षांनी उपयोगी पडला तो घरात होता म्हणून.

पिशवी केव्हा द्यायची?

शेवटचा मुद्दा वेळेचा होता. अनेक जण नवा रिपोर्ट हातात पडल्यावर जुने कागद काढतात. तोवर ‘तुलनेसाठी आधीचा स्कॅन उपलब्ध नाही’ हे वाक्य छापून झालेले असते. जुन्या फिल्म, रिपोर्ट आणि सीडी किंवा पेनड्राइव्ह नव्या स्कॅनला जातानाच काउंटरवर द्यावे, ‘याच्याशी तुलना करून रिपोर्ट द्या’ असे सांगावे आणि घरी निघताना आठवणीने परत मागावे.

सभा संपल्यावर चहा घेताना एक काकू डॉक्टरांजवळ आल्या. ‘माझी सीडी आहे हो, पण ती तुळशीपाशी कावळे हाकलायला टांगलीय,’ त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आजच उतरवा. ओरखडे कमी असतील, तर अजून वाचता येईल.’