केओटीवर लिहिलं तेवढंच

हॉटेलात बसलेला माणूस भटारखान्यात शिरत नाही. आत किती शेगड्या पेटल्यात, ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलीय की आत्ता होतेय, कांदा कोण चिरतंय, यातलं त्याला काही ठाऊक नसतं आणि असायची गरजही नसते. मेन्यूकार्ड पाहून तो दोन-तीन पदार्थ सांगतो आणि थोड्या वेळाने ताट समोर येतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला शाळेतल्या जुन्या मित्रांनी ‘तू दिवसभर नेमकं करतोस काय?’ असं विचारलं आणि त्याच्या तोंडून ‘एपीआय’ हा शब्द निसटला, की पुढचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा याच टेबलापाशी सुरू होतं. एपीआय म्हणजे वेटर, असं तो सांगतो. तुम्ही ऑर्डर देता, वेटर ती आत पोचवतो, पदार्थ बाहेर आणतो; तुम्ही म्हणजे मोबाइलमधलं ॲप आणि भटारखाना म्हणजे कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर.

मित्रांना ते लगेच पटतं. फक्त त्यातला वेटर जरा घोटाळा करतो.

कारण वेटर माणूस असतो. ‘नेहमीचं आण’ म्हटलं तरी त्याला कळतं. ‘तिखट बेताचं, पोरं आहेत बरोबर’ एवढ्यावर तो काय ते समजून घेतो. एपीआयला यातलं काही जमत नाही. त्याचं खरं साम्य आहे ते वेटर खिशातून काढतो त्या चिठ्ठीशी. हॉटेलवाले तिला केओटी म्हणतात. तिच्यावर टेबल नंबर, पदार्थाचं नाव, नग आणि फार तर ‘कांदा नको’ अशी एक टीप असते. आचारी गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, चिठ्ठी बघतो. मेन्यूकार्डावर नसलेला पदार्थ चिठ्ठीवर आला तर ती परत येते. कोणते पदार्थ मागता येतील, चिठ्ठी कशी लिहायची आणि उत्तर कोणत्या भांड्यात येईल, याचा आधी ठरलेला करार म्हणजे एपीआय.

अशी एक खरी चिठ्ठी कुणालाही लिहिता येते. ओपन-मेटिओ नावाची हवामानाची सेवा आहे. बिनव्यावसायिक वापरासाठी ती फुकट आहे, नावनोंदणीही लागत नाही. पुण्याचं या क्षणाचं तापमान हवं असेल तर ब्राउझरच्या पट्टीत, एरवी संकेतस्थळाचा पत्ता टाकतो तिथे, एवढंच टाकायचं:

```
https://api.open-meteo.com/v1/forecast?latitude=18.52&longitude=73.86¤t=temperature_2m
```

प्रश्नचिन्हाच्या आधी हॉटेलचा पत्ता आणि मेन्यूचं पान, नंतर ऑर्डर. ‘पुणे’ हा शब्द इथे कुठेच नाही, कारण या मेन्यूत गावांची नावं नाहीत; अक्षांश-रेखांश आहेत. शेवटी हवा तो पदार्थ, म्हणजे जमिनीपासून 2 मीटर उंचीवरचं तापमान. उत्तर येतं ते नुसत्या मजकुराचं. त्यातला कामाचा भाग साधारण असा दिसतो:

```
"current": {
  "time": "2025-05-10T09:00",
  "temperature_2m": 34.1
}
```

ढगाचं चित्र नाही, रंग नाही, ‘आज ऊन कडक आहे’ असं वाक्य नाही. ते सगळं सजवणं ॲपचं काम. हवामानाची दोन ॲप्स अगदी वेगळी दिसत असली तरी आकडे एकाच भटारखान्यातून येत असू शकतात ते यामुळेच.

आता वरची वेळ पुन्हा पाहा. नऊ वाजलेत असं उत्तर सांगतं, पण पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच झालेले असतात. सर्व्हर चुकलेला नाही. वेळ कुठल्या देशाची हवी हे चिठ्ठीत लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने ग्रिनिचची वेळ दिली. चिठ्ठीच्या शेवटी `&timezone=Asia/Kolkata` जोडलं की घड्याळ साडेपाच तास पुढे सरकतं. नवशिक्या प्रोग्रॅमरची अख्खी संध्याकाळ अशा एका न लिहिलेल्या शब्दापायी जाते. आणि `temperature` या शब्दातलं एक अक्षर जरी गाळलं, तरी ‘तुम्हाला तापमान म्हणायचंय का?’ असं कुणी विचारत नाही. 400 या क्रमांकाचा नकार येतो. 400 म्हणजे ऑर्डर चुकीची. 500 आला तर ऑर्डर ठीक, बिघाड भटारखान्यात. आणि 429 आला तर ऑर्डरही ठीक, भटारखानाही ठीक, पण तुम्ही फार वेळा मागताय.

हा शेवटचा आकडा गमतीचा वाटेल. पण फार वेळा मागण्याने देशभरचा व्यवहार कसा अडतो, हे भारताने 12 एप्रिल 2025 रोजी पाहिलं. हनुमान जयंतीचा शनिवार होता. काही तास यूपीआयवरून पैसे जाईनात, अनेकांच्या मोबाइलवर चक्र नुसतं फिरत राहिलं. एप्रिल 2025 मध्ये यूपीआयवर दिवसाला सरासरी साठ कोटींच्या आसपास व्यवहार होत होते, तेव्हा त्या खोळंब्याचा पसारा केवढा असेल ते लक्षात येईल.

तो का झाला हे समजण्यासाठी भाजीवाल्याला दिलेल्या साठ रुपयांमागे किती चिठ्ठ्या फिरतात ते पाहावं लागतं. क्यूआर कोड स्कॅन करताच पहिली चिठ्ठी जाते: हा पत्ता कुणाचा? उत्तरात भाजीवाल्याचं नाव येतं, तेच पडद्यावर दिसतं. रक्कम आणि पिन टाकला की `ReqPay` नावाची दुसरी चिठ्ठी निघते. पिन मोबाइलमध्येच कुलूपबंद होतो, ॲपच्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. ही चिठ्ठी ॲपच्या भागीदार बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे पोचते. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते, साठ रुपये वजा करा. तिथून होकार आला की भाजीवाल्याच्या बँकेला सांगते, साठ रुपये जमा करा. मग निकाल त्याच वाटेने उलटा परत येतो. ॲपच्या हातात पैसा कुठेच नसतो. ते फक्त चिठ्ठ्या लिहितं आणि आलेली उत्तरं वाचून दाखवतं.

या साखळीतल्या एखाद्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही तर ॲपला कळत नाही की पैसे गेले, की गेलेच नाहीत. पडद्यावर ‘पेंडिंग’ येतं. अशा वेळेसाठी करारात आणखी एक चिठ्ठी आहे, `ReqChkTxn`. तिचा अर्थ एवढाच: अमुक व्यवहाराचं काय झालं? ही चिठ्ठी पैसे हलवत नाही, फक्त विचारपूस करते. म्हणूनच ती निरुपद्रवी वाटते.

त्या शनिवारी भार वाढवला तो नेमका या विचारपुशीने. एनपीसीआयने शोध घेतला तेव्हा आढळलं की काही बँकांकडून या चौकशीचा मारा होत होता. एकाच व्यवहाराबद्दल पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही. रविवारी दुपारी भरलेल्या हॉटेलात एका कोपऱ्यातल्या टेबलांनी दर पाच सेकंदांनी ‘झालं का?’ म्हणून माणूस आत पाठवावा, तसं हे झालं. प्रत्येकाला उत्तर द्यायला आचाऱ्याला कढईवरून मान वर करावी लागते. स्वयंपाक मंदावतो, त्यामुळे आणखी टेबलं उशिरात जातात, आणि तीही विचारायला लागतात. हा फेरा एकदा सुरू झाला की आपणहून थांबत नाही, कारण उशीर हेच आणखी विचारण्याचं कारण असतं. यात कुणाचा वाईट हेतू असण्याचीही गरज नाही. ‘उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार’ ही ओळ प्रोग्रॅममध्ये लिहायला सोपी असते. ‘किती थांबून विचार’ आणि ‘कधी विचारणं सोडून दे’ या दोन ओळी राहून जातात.

महिना संपायच्या आत एनपीसीआयने बँकांना त्या दोन्ही ओळी लिहून दिल्या. व्यवहार सुरू झाल्यापासून 90 सेकंदांच्या आत चौकशी करायची नाही, आणि एका व्यवहाराची चौकशी दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा करायची. 1 ऑगस्ट 2025 पासून मर्यादा सामान्य माणसाच्या बोटापर्यंत आली. एका ॲपवरून दिवसात 50 वेळाच शिल्लक पाहता येते, मोबाइल नंबरला जोडलेल्या खात्यांची यादी 25 वेळा. वर्गणी, हप्ते अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना सकाळी 10 ते दुपारी 1 आणि संध्याकाळी 5 ते रात्री साडेनऊ ही गर्दीची वेळ सोडून मागे-पुढे जावं लागलं.

दिवसात पन्नास वेळा शिल्लक पाहणारा माणूस विरळाच, असं वाटून या नियमाची चेष्टा झाली. मर्यादेचा रोख माणसापेक्षा ॲपवर जास्त होता. शिल्लक दाखवण्याची चिठ्ठी बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जाते, आणि पैसे वजा करण्याची चिठ्ठीही तिथेच जाते. भटारखाना एकच, एकाला पाणी हवंय, दुसऱ्याला थाळी, पण रांग तीच. त्याच वेळी बँकांना सांगण्यात आलं की व्यवहार यशस्वी झाला की उरलेली शिल्लक आपणहून कळवा, म्हणजे ती विचारायला वेगळी चिठ्ठी येणार नाही. चांगला वेटर बिलाबरोबरच सुट्टे पैसे आणतो, त्यातलीच ही गोष्ट.

हॉटेलचं उदाहरण एका जागी मात्र ताणून धरावं लागतं, आणि तिथे ग्राहकाचे पैसे अडकलेले असतात. ॲप जेव्हा विचारपूस करतं तेव्हा ते जुन्याच व्यवहाराच्या क्रमांकाने करतं, त्यामुळे पैसे दोनदा जाण्याची भीती नसते. माणूस तसं करत नाही. दुकानात ‘पेंडिंग’ दिसलं, मागे रांग वाढतेय, दुकानदार बघतोय, म्हणून तो पुन्हा स्कॅन करून पुन्हा पिन टाकतो. त्याच्या दृष्टीने ही तीच ऑर्डर असते. प्रणालीच्या दृष्टीने नवी चिठ्ठी, नवा क्रमांक, नवे साठ रुपये. पहिली चिठ्ठी मागाहून पुरी झाली तर दोन्ही रकमा कापल्या जातात, आणि नियमाने दोन्ही बरोबर ठरतात. मग जास्तीचे पैसे दुकानदाराकडूनच मागून घ्यावे लागतात. पैसे वजा झाले पण समोर जमाच झाले नाहीत, अशी गत असेल तर ती रक्कम उलट फिरून खात्यात परत येते. ती आली नाही आणि बँकेत जायची वेळ आली, तर काउंटरवरचा माणूस आधी विचारतो तो ॲपच्या तपशिलात दिसणारा बारा अंकी क्रमांक. कोणत्या दुकानात, किती वाजता, काय घेतलं याचं वर्णन तिथे फारसं कामाचं नसतं. चिठ्ठी शोधायची ती नंबरावरून.