ओटी भरून झाल्यावरची दोन मिनिटं

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा ठरला आणि आठ दिवस आधी तिचा फोन आला. "ताई, मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. काय बोलू?" साताऱ्यात सोहळा, मुलीकडची माणसं अमरावतीची. मुलीचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई, आजी, धाकटा भाऊ आणि मामा एवढी जवळची माणसं येणार होती.

साखरपुड्याचं शास्त्रातलं नाव वाङ्निश्चय. म्हणजे शब्दानं केलेला निश्चय. दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शब्द द्यायचा, गुरुजींनी मंत्र म्हणायचे आणि मुलाच्या आईनं मुलीची ओटी भरायची, अशी ही रीत. अंगठ्या नंतर आल्या. मुलाच्या आईच्या हातात साडी, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ आणि साखरेचा पुडा असे, पण तोंडी मात्र ठरलेलं एकही वाक्य नसे. आता माईक तिच्याही हातात येतो, आणि मागचा नमुना समोर नसल्यामुळे बहुतेक जणी ऐकलेलीच वाक्यं बोलतात.

बहिणीनं लिहिलेला पहिला कागद मी वाचला. त्यात होतं, "आम्हाला मुलगी नव्हती, ती आज मिळाली." मग, "तिला वडिलांची उणीव भासू देणार नाही." आणि शेवटी, "आम्हाला तुमच्याकडून काहीही नको." तिन्ही वाक्यं मनापासूनची होती आणि तिन्ही मी खोडायला सांगितली.

पहिल्या वाक्यात मुलगी मिळाल्याचा आनंद आहे, पण समोर बसलेल्या आईला त्यात मुलगी गेल्याचं ऐकू येतं. दुसऱ्यामुळे दीडशे माणसांच्या नजरा एकदम तिच्या कपाळाकडे वळतात. तिसरं वाक्य तर देण्याघेण्याचा विषय नसलेल्या ठिकाणी तो विषय काढतं. काही नको असेल तर ते बैठकीत, याद्या होतात तेव्हाच सांगून संपवावं.

मग मी तिला विचारलं, या सभागृहात तू नेमकी कुणाशी बोलणार आहेस? ती म्हणाली, "तिच्या आईशी." इथून भाषण सुरू झालं.

पण भाषणाआधी एक काम होतं. ओटी भरताना सवाष्णींना पुढे बोलावतात. मुलीची आई विधवा असेल तर ती आपणहून मागच्या खुर्चीवर जाऊन बसते, कुणी उठवावं लागत नाही. स्वागताचे कितीही गोड शब्द बोला, ती मागे बसलेली असेल तर ते पोकळ ठरतात. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा तो ठराव. गावाचा ठराव सभेत होतो. घरातला मात्र त्या बाईला विचारूनच करावा लागतो.

बहिणीचा पहिला विचार होता की ऐन सोहळ्यात माईकवरून हाक मारून त्यांना पुढे बोलवावं, आपण कुंकू लावावं. मी नको म्हटलं. सगळ्यांसमोर अचानक मान दिला तर त्या बाईला नाही म्हणायची सोय उरत नाही. आधी फोन कर आणि त्या म्हणतील तेवढंच कर. तिनं चार दिवस आधी फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "कुंकू नको ताई, माझीच तयारी नाही अजून. पण ओटी भरताना लेकीजवळ उभी राहीन." तेवढंच ठरलं, आणि भाषणात या गोष्टीचा एका शब्दानंही उल्लेख करायचा नाही, हेही ठरलं.

आता भाषण कधी करायचं? जेवणाआधी केलं तर माणसं पानांकडे बघतात, अंगठ्यांनंतर केलं तर सगळे फोटोसाठी उठलेले असतात. ओटी भरून झाली, साखरेचा पुडा मुलीच्या हातात दिला, की क्षणभर सगळे तिच्याकडेच बघत असतात. तीच वेळ. दोन मिनिटं पुरतात, म्हणजे कागदावर सव्वा पानाच्या आत. माईक आधी तपासावा आणि समोरच्यांची नावं अगोदर विचारून घ्यावीत. आजीचं नाव चुकलं तर पुढचं काही तिच्यापर्यंत पोचत नाही.

मजकुरात अमरावतीचं काहीतरी यावं असं बहिणीला वाटत होतं. अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात, आणि आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला येते. तिनं रुक्मिणीहरणाची कथाही लिहिली होती. ती काढली. लेक पळवून नेल्याची गोष्ट आईसमोर कशाला? पालखी तेवढी ठेवली, कारण पालखी दर वर्षी निघते आणि आपल्या गावी परतही जाते.

शेवटी ती हे बोलली:

"आजी, रात्रभर गाडीत बसून तुम्ही बडनेऱ्याहून साताऱ्याला आलात. या वयात एवढा प्रवास आमच्यासाठी केलात, तुम्हाला नमस्कार करते. मामा, तुम्ही बैठकीपासून प्रत्येक गोष्ट मोकळेपणानं बोललात, म्हणून आम्हालाही मोकळं बोलता आलं. आम्ही याला साखरपुडा म्हणतो, तुमच्याकडे साक्षगंध म्हणतात. आजपासून आमच्या घरात दोन्ही शब्द चालतील.

"ताई, तुमची लेक पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा जेवण झाल्यावर माझ्या सासूबाईंचं ताट तिनं न सांगता उचललं आणि मग त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. हे कुणी एका दिवसात शिकवत नाही. ते तुमच्या घरातलं आहे. तुमच्याकडच्या रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला येते आणि पुन्हा माहेरी जाते. तुमच्या लेकीच्या येण्याजाण्याचा रस्ताही असाच राहील, आणि त्यासाठी तिला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. तुम्हीही बोलावणं येण्याची वाट बघू नका. या पुड्यात साखरेबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे आहेत. आता सगळ्यांनी तोंड गोड करा."

वडिलांचं नाव तिनं घेतलं नाही. गणपतीपूजनाच्या वेळी गुरुजींकडून ते आदरानं घेतलं जाईल, अशी व्यवस्था आधीच केली होती. विधीत घेतलेलं नाव दुःख उघडं करत नाही. माईकवर घेतलं असतं तर आईला सगळ्यांसमोर डोळे पुसावे लागले असते.

एक वाक्य मात्र ती ऐनवेळी विसरली, आपल्या मुलाबद्दलचं. मला ते बरंच वाटलं. मुलाच्या आईनं मुलाचं कौतुक करायला पुढे आयुष्य आहे.

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. मुलीची आई लेकीजवळ उभी होती, तिनं पदर सावरला आणि पुड्यातला एक पेढा घेऊन माझ्या बहिणीच्या हातावर ठेवला. आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या मामांना जरा मोठ्यानंच विचारलं, "साक्षगंध म्हटलं न तिनं?"