सहलेखकाचा भाग रखडतो तेव्हा

मॅडम भूगोलाच्या, सर रसायनशास्त्राचे. एका तालुक्यातल्या ३० विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट हा दोघांच्या शोधनिबंधाचा विषय. निबंध ३० नोव्हेंबरच्या आत नियतकालिकाकडे जायला हवा. सरांकडचा कार्यपद्धतीचा भाग ३१ ऑक्टोबरला यायचा होता. १२ नोव्हेंबर उजाडला, तरी त्याचा पत्ता नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, “सर, कुठवर आलं?” दोन्ही वेळा उत्तर मिळालं, “होतंय, एक-दोन दिवसांत देतो.” असं उदाहरण आपण समजू.

“कुठवर आलं?” या प्रश्नाला “होतंय” एवढंच उत्तर येऊ शकतं. त्यातून काम कशामुळे थांबलंय ते कळत नाही आणि पुढचं काही ठरतही नाही. म्हणून तिसऱ्या निरोपात राहिलेल्या भागाचं नेमकं नाव हवं, अडचण सांगायला वाट हवी आणि उरलेल्या कामांची वाटणी हवी. मॅडमनी असं लिहावं:

“नमस्कार सर. कार्यपद्धतीचा भाग आणि तक्ता क्र. २ ही दोन कामं बाकी आहेत. लिहिताना कुठे अडलंय का? अर्धवट मसुदा असला तरी तोच पाठवा. पोर्टलवर ऐनवेळी गोंधळ नको म्हणून निबंध २८ तारखेलाच पाठवू या. त्यासाठी ही वाटणी सुचवते. तक्ता तुम्ही १६ पर्यंत द्यावा, कार्यपद्धती १९ पर्यंत. चर्चेचा भाग मी २२ पर्यंत लिहिते. संदर्भसूची, नकाशा आणि संपादकांना द्यायचं पत्रही माझ्याकडे. २३ ला पूर्ण मसुदा पाठवते, तुम्ही २५ पर्यंत तपासा. २७ पर्यंत दोघांची लेखी संमती. १९ तारीख जमणार नसेल, तर प्रयोगवहीच्या पानांचे फोटो पाठवा. कच्चा मसुदा मी करते, तुम्ही दुरुस्त करा. ही वाटणी चालेल का, एवढं उद्या संध्याकाळपर्यंत कळवाल?”

यात तक्ता आधी मागितला आहे, त्याला कारण आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. किती विहिरी ही मर्यादा ओलांडतात ते तक्त्यावरूनच कळणार आणि मॅडमची सगळी चर्चा त्या आकड्यावर उभी राहणार. संदर्भसूची आणि नकाशा मात्र कुणासाठी अडत नाहीत, ती कामं मधल्या दिवसांत उरकता येतात. प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे, हेही महत्त्वाचं. ‘आपण दोघं मिळून बघू’ म्हटलेलं काम हमखास मागे पडतं.

कार्यपद्धती सरांकडेच ठेवावी लागते, कारण पाणी त्यांनी तपासलंय. अतिनील प्रकाशाच्या पद्धतीत २२० नॅनोमीटरला नायट्रेटचं वाचन घेतात. पाण्यातले सेंद्रिय पदार्थही तिथे प्रकाश शोषतात, म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरं वाचन घेऊन पहिल्यात दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती फार मोठी निघाली, तर त्या नमुन्याला ही पद्धत चालत नाही. समजा, सरांचं घोडं इथेच अडलंय: चार विहिरींचे आकडे ठेवायचे, गाळायचे की दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासायचे? लिहिण्याचा कंटाळा वाटावा अशा दिरंगाईमागे बऱ्याचदा असा न सुटलेला निर्णय असतो. “कुठे अडलंय का?” या प्रश्नाने तो बाहेर येतो, आणि दहा मिनिटं फोनवर बोलून तो दोघांना घेता येतो.

उत्तरच आलं नाही तर? ठरलेली वेळ टळली की दुसऱ्या दिवशी सरळ फोन करावा. फोनवर जे ठरेल ते लगेच दोन ओळींत लिहून पाठवावं, म्हणजे तारखा दोघांच्या डोळ्यांसमोर राहतात. पण काही झालं तरी सहलेखकाच्या संमतीशिवाय निबंध पाठवू नये, आणि रागाच्या भरात त्याचं नाव तर मुळीच गाळू नये. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत, त्या इतर विषयांतही मार्गदर्शक मानल्या जातात: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. पाणी तपासणाऱ्या सरांना मसुदा लिहिण्याची, तपासण्याची संधी मिळायलाच हवी. वहीच्या फोटोंचा पर्याय त्यासाठीच आहे: वेळही वाचतो आणि सरांचा हक्कही राहतो.

२७ तारखेपर्यंत संमती आली नाही, तर मॅडमनी संपादकांकडे मुदतवाढ मागावी. ती मिळाली नाही, तर निबंध पुढच्या अंकाला द्यावा. अंक पुन्हा निघेल. परवानगीवाचून छापलेल्या नावावरून उठलेला वाद मात्र निबंध मागे घेण्यापर्यंत जाऊ शकतो.